घोरण्याचा आवाज आणि मधली शांतता

(गेल्या गणेशोत्सवात बडोद्याच्या मंडळात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आम्ही दोघे नवरा-बायको, आणि दोघेही डॉक्टर. एकाचं काम कान-नाक-घशाचं, दुसरीचं भूल देण्याचं. कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘घोरणं’ असं सांगितलं, आणि ते हसले. हा विषयच असा आहे, की ऐकणारा हसतो आणि ज्याच्या शेजारी कुणी घोरतं तो हसत नाही. आज सभागृहात जोडीनं आलेली मंडळी बरीच दिसतात. कोण कोणाला कोपर मारतंय तेही आम्हाला इथून दिसतंय.

सुरुवात शब्दापासून करू. आपण इथे तीन-चार पिढ्या राहिलो, त्यामुळे घरात मराठी आणि दारात गुजराती. गुजरातीत घोरण्याला ‘नसकोरां बोलाववां’ म्हणतात, आणि नसकोरां म्हणजे नाकपुड्या. म्हणजे भाषेनं दोष थेट नाकावर टाकला. आमच्याकडे येणारे निम्मे लोकही तेच सांगत येतात, “डॉक्टर, नाकाचं हाड वाकडं आहे, म्हणून घोरतो.” नाकाचा यात हात असतो, तो कसा ते पुढे सांगू. पण आवाज नाकपुडीत होत नाही. तो होतो बराच मागे, जिथे नाक आणि तोंड एकमेकांना मिळतात तिथे.

आपली जीभ आतून वरच्या टाळूवरून मागे मागे न्या. आधी कडक हाड लागेल, मग अचानक मऊ भाग सुरू होईल. ती मऊ टाळू. तिच्या टोकाला मधोमध लोंबते ती पडजीभ. आता सर्वांनी एक गोष्ट करून पाहायची आहे, लाजू नका. तोंड मिटा आणि नाकानं जोरात श्वास ओढत मुद्दाम घोरण्याचा आवाज काढा. (सभागृहात आवाज.) छान, मांडवातले उंदीरसुद्धा पळाले असतील. थरथर कुठे जाणवली? बहुतेकांना ती टाळूच्या मागे जाणवली असेल. आता खालचा जबडा पुढे काढा, म्हणजे खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येतील इतका, आणि पुन्हा तोच आवाज काढून पाहा. (पुष्कळांना जमत नाही.) जमत नाही ना? हे ध्यानात ठेवा. आजच्या बोलण्यातला अर्धा भाग या एका हालचालीत आहे.

आता ही थरथर होते का? नाकाला हाडाची आणि कूर्चेची चौकट आहे. खाली श्वासनलिकेला कूर्चेची कडी आहेत, पाण्याच्या नळीला तारेची वळी असतात तशी. त्यामुळे या दोन्ही जागा सहसा मिटत नाहीत. मधला घशाचा भाग मात्र, मऊ टाळूपासून स्वरयंत्रापर्यंतचा, नुसता मांसल आहे. त्याला चौकट देऊन चाललं नसतं, कारण याच वाटेनं आपण घास गिळतो आणि याच जागेला आकार देऊन बोलतो. जी नळी क्षणात आवळता आली पाहिजे, ती कडक असून कशी चालेल? मग ती उघडी कोण ठेवतं? स्नायू. जिभेचा एक मोठा स्नायू हनुवटीच्या आतल्या हाडाला बांधलेला आहे आणि तो जिभेला पुढे ओढून धरतो. जागेपणी तो सतत कामावर असतो. झोप लागली की तो सैल पडतो. दारू घेतली, झोपेची गोळी घेतली की आणखी सैल पडतो.

स्नायू सैल पडले की वाट अरुंद होते. वाट अरुंद झाली तरी छातीला तेवढीच हवा हवी असते, म्हणून ती त्या फटीतून वेगानं ओढली जाते. आणि वेगानं जाणारी हवा बाजूच्या भिंतींना आत खेचते. हे घरी करून पाहता येतं. वहीच्या कागदाच्या दोन पट्ट्या ओठांसमोर थोड्या अंतरावर उभ्या धरा आणि मधून फुंका. पट्ट्या लांब जातील असं वाटतं, पण त्या जवळ येतात, एकमेकींना चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात आणि फडफडतात. घशात हेच होतं. मऊ टाळू आत खेचली जाते, वाट क्षणभर मिटत येते, हवा थांबते तशी ओढ कमी होते, टाळू स्वतःच्या लवचिकपणानं परत जाते, हवा पुन्हा सुटते. एका सेकंदात हे कित्येक डझन वेळा होतं. त्या फडफडीचा आवाज म्हणजे घोरणं. टाळूबरोबर पडजीभ, टॉन्सिलजवळच्या घड्या, घशाच्या बाजूच्या भिंती, कधी जिभेचा मागचा भाग, हे सगळे कमी-जास्त थरथरतात.

वाट थोडी अरुंद झाल्यानं एवढा फरक का पडतो, तेही सांगतो. सरळ, कडक नळीतून संथ वाहणाऱ्या हवेचा हिशेब असा आहे, की नळीची रुंदी निम्मी केली तर अडथळा दुप्पट होत नाही, सोळापट होतो. घसा काही सरळ नळी नाही, म्हणून हा आकडा जसाच्या तसा लावू नका. पण दिशा तीच आहे. म्हणून वजन पाच-सात किलो वाढल्यावर माणूस अचानक घोरायला लागतो. चरबी नुसती पोटावर बसत नाही, ती जिभेत आणि घशाच्या भिंतींतही बसते. बाहेरून ते कॉलरवरून कळतं. पुरुषांचा गळा 17 इंच आणि बायकांचा 16 इंच झाला, की आम्ही आणखी चार प्रश्न विचारतो. बायकांनी हे आपल्यासाठी नाही असं समजू नये. पाळी गेल्यानंतर त्यांच्यातही घोरण्याचं प्रमाण वाढतं, फक्त त्या ते सांगत नाहीत.

आता नाकाचा हात कुठे, ते पाहू. कागदी नळीनं दाट ताक प्यायला घेतलंय आणि नळी भिजून मऊ झाली आहे असं समजा. ताकातलं टोक बोटानं जरा दाबून ओढलं, तर नळी मध्येच चपटी होते. दाबलं टोक, पण मिटली मधली जागा. नाक चोंदलं की असंच होतं. पुढे अडथळा आला म्हणून छाती जास्त जोरानं ओढते, आणि मागचा मऊ घसा मिटायला लागतो. म्हणून सर्दीत न घोरणाराही घोरतो. आणि म्हणूनच नाकाचं हाड सरळ करूनही पुष्कळांचं घोरणं राहतं, कारण नळी तशीच मऊ असते.

इथपर्यंत सगळं आवाजाबद्दल झालं. पण आवाजाची एक चांगली बाजू आहे, ती म्हणजे आवाज येतोय तोवर हवा जातेय. भीती आहे ती शांततेची. भूल देताना आमच्यापैकी एकीला हे रोज दिसतं. औषध शिरेत गेलं की रुग्णाचे डोळे मिटतात, आधी घोरणं ऐकू येतं आणि काही वेळा मग एकदम शांत होतं. नवख्याला वाटतं, छान झोप लागली. छातीकडे पाहावं तर छाती आणि पोट धडपडत वर-खाली होत असतात, आणि नाकासमोर हात धरला तर हवा काहीच येत नाही. जीभ मागे पडलेली असते. तेव्हा आम्ही डोकं जरा मागे करतो, हनुवटी उचलतो आणि जबडा पुढे ढकलतो, तीच तुम्ही मघाशी केलेली हालचाल. एका क्षणात हवा सुरू होते. बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवून ठेवतात, त्याचं एक कारणही हेच.

घरी झोपलेल्याचा जबडा कुणी उचलत नाही. तिथे मेंदू हे काम करतो. प्राणवायू उतरला की तो माणसाला अर्धवट जागं करतो, स्नायू ताणले जातात, मोठा फुर्रर्र करून श्वास सुटतो आणि माणूस पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही.

आता एक हकिकत सांगतो. संबंधितांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. एक गृहस्थ, वय 54, कामानिमित्त आठवड्यातून दोनदा स्वतः गाडी चालवत अहमदाबादला जाणारे. वहिनींनी त्यांना बळेच आणलं होतं. ते म्हणाले, “डॉक्टर, हिला झोप लागत नाही, पडजीभ कापून टाका, मिटवून टाकू.” वहिनी म्हणाल्या, “हे घोरतात त्याचं काही नाही हो, पंचवीस वर्षं ऐकतेय. पण मध्येच थांबतात, तेव्हा मला जरा बरं वाटतं आणि लगेच भीती वाटते.” त्यांना कळत नव्हतं, पण निदान त्यांनीच केलं होतं.

दिवसाबद्दल विचारलं तेव्हा गृहस्थ आधी काही नाही म्हणाले. मग हळूच बोलले, की एक्सप्रेसवेवर नडियादच्या पुढे एकदा डोळा लागला आणि चाक कडेच्या पट्ट्यांवरून खडखडलं म्हणून जाग आली. हे त्यांनी घरी सांगितलेलं नव्हतं. वहिनी आमच्याकडे पाहतच राहिल्या. त्याच दिवशी आम्ही गाडीच्या किल्ल्या वहिनींकडे द्यायला सांगितल्या.

वहिनींना एक काम दिलं. रात्री दोननंतर फोन उशाशी ठेवून वीस मिनिटांचं ध्वनिमुद्रण करायचं, आणि ते कसे झोपलेत ते सुरुवातीला हळू आवाजात बोलून ठेवायचं. ‘उताणे’ किंवा ‘डाव्या कुशीवर’, एवढंच. त्यांनी दोन रात्री मिळून दोन्ही घेतलं. उताणे असताना वीस मिनिटांत दहा सेकंदांहून लांब अशा अकरा शांतता होत्या, सर्वांत लांब 34 सेकंदांची. कुशीवर असताना घोरणं होतं, पण एकसुरी आणि हलकं, आणि लांब शांतता एकच.

मग घरीच झोपेची तपासणी केली. नाकाशी एक बारीक नळी, छातीला पट्टा, बोटाला प्राणवायू मोजणारी क्लिप, आणि माणूस कोणत्या अंगावर आहे हे नोंदवणारी सोय. सहा तासांची नोंद मिळाली. श्वास दहा सेकंद किंवा अधिक थांबणं, किंवा तेवढा वेळ बराच उथळ होऊन प्राणवायू उतरणं, अशा प्रत्येक प्रसंगाला एक गुण देतात आणि तासाची सरासरी काढतात. पाचपर्यंत ठीक, पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तीसच्या वर तीव्र. यांची सरासरी आली 27. पण ती सरासरी फोडून पाहिली तर चित्र वेगळं होतं. तीन तास ते उताणे होते, त्यात 135 प्रसंग, म्हणजे तासाला 45. तीन तास कुशीवर, त्यात 27, म्हणजे तासाला 9. एकच माणूस, एकच रात्र. पाठीवर तीव्र आणि कुशीवर सौम्य.

कारण साधं आहे. उताणं झोपलं की जीभ आणि मऊ टाळू स्वतःच्या वजनानं थेट मागच्या भिंतीकडे पडतात. कुशीवर वळलं की त्या गालाकडे पडतात आणि मागची वाट मोकळी राहते. दुसरं असं, की उताणं झोपल्यावर पोट छातीवर दाबतं, फुप्फुसं थोडी लहान होतात, आणि ती खालून घशाला जो ताण देऊन ठेवतात तो ढिला पडतो. उशी फार उंच असेल तर हनुवटी छातीला टेकते, ती तिसरी अडचण. आपल्याकडे जेवणानंतरच्या झोपेला वामकुक्षी म्हणतात. शब्दाचा अर्थच डावी कूस. आपण मात्र पोटभर पुरणपोळी खाऊन उताणे पसरतो आणि तिलाही वामकुक्षीच म्हणतो.

श्वसनाच्या या त्रासात पाठीवरचा आकडा कुशीवरच्या निदान दुप्पट निघतो अशी माणसं थोडीथोडकी नाहीत, निम्म्याहून अधिक आहेत. ही दुपटीची कसोटी रोझलिंड कार्टराइट या संशोधक बाईंनी 1984 साली मांडली.

पडजीभ कापायचा हट्ट गृहस्थ सोडेनात. तेव्हा आम्ही दोघांनी मिळून त्यांना हलकी गुंगी देऊन नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा पाहिला. उताणे असताना टाळू मागे चिकटत होती हे खरं, पण तिच्या खाली जीभही मागच्या भिंतीला टेकत होती. कुशीवर वळवलं तर जीभ पूर्ण बाजूला झाली, टाळू थोडी फडफडत राहिली. म्हणजे नुसती टाळू कापली असती, तर आवाज कदाचित गेला असता आणि श्वास अडायचा तो खाली अडतच राहिला असता. असे रुग्ण आम्ही पाहिले आहेत. दुसरीकडे कुठेतरी शस्त्रक्रिया होते, घर शांत होतं, सगळे खूश होतात, आणि वर्षभरानं माणूस रक्तदाब घेऊन येतो. गजर काढून टाकला आणि चोर घरातच राहिला.

म्हणून आधी कूस. जुन्या बंडीला पाठीवर मधोमध खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू घालायला सांगितलं. उताणं झालं की तो टोचतो आणि माणूस वळतो. आठवडाभर बरं चाललं, मग चेंडू सरकून बरगडीखाली यायला लागला आणि ते रात्री बंडी काढून फेकू लागले. बहुतेकांचं असंच होतं, हे आम्हाला माहीत होतं. मग वहिनींनी नातवाच्या शाळेच्या दप्तरात टॉवेलची घट्ट गुंडाळी भरली आणि पट्टे छातीवर बांधून दिले. ते टोचत नाही, फक्त उताणं होऊच देत नाही. खांदा दुखू नये म्हणून उशी खांद्याच्या रुंदीइतकी घेतली. संध्याकाळचे दोन पेग बंद केले. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी केली तर सरासरी 10 आली आणि उताणा वेळ सगळा मिळून वीस मिनिटांच्या आत. दिवसाची पेंग गेली होती. तेव्हा किल्ल्या परत दिल्या.

हकिकत इथे संपली असती तर आम्हालाही आवडलं असतं. पुढल्या वर्षी दिवाळी आणि दोन लग्नं झाली, वजन सहा किलो वाढलं. वहिनींनी फोनवर कळवलं, “आता कुशीवरसुद्धा थांबतात.” तपासणीत कुशीवरचा आकडा 9 वरून 18 वर गेला होता. याचा अर्थ वाट आता इतकी अरुंद झाली, की जीभ बाजूला पडूनही पुरत नव्हतं. कुशीच्या उपायाची ही मर्यादा आहे. तो जिभेला हलवतो, घसा रुंद करत नाही. शिवाय कोण कधी या हद्दीपलीकडे गेलं, हे आवाजाच्या मोठेपणावरून कळत नाही. ते शांतता मोजूनच कळतं.

अशा वेळी मास्कमधून हलक्या दाबानं हवा देणारं यंत्र लागतं. 1981 साली सिडनीत कॉलिन सुलिव्हन यांनी ते प्रथम केलं, आणि त्यासाठी चक्क व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरली होती. यंत्र आपल्यासाठी श्वास घेत नाही. ते हवेचा दाब आतून लावून ठेवतं, फुग्यात हवा असली की फुगा मिटत नाही, तसं. यांना पाण्याच्या नऊ सेंटिमीटर उंचीएवढा दाब पुरला. एवढा दाब तुम्ही पेल्यात नळी बुडवून फुंकता तेव्हाही लागतो. काहींना जबडा पुढे धरून ठेवणारं दातांवरचं साधनही चालतं, पण त्याला दात मजबूत हवेत, आणि यांचे मागचे चार गेलेले होते.

पहिल्या रात्री ते मास्क लावून दहाला झोपले. वहिनी दोनला जाग्या झाल्या. खोलीत काही आवाज नव्हता, आणि त्या सवयीनं सेकंद मोजायला लागल्या. चाळीसपर्यंत गेल्यावर राहवेना, म्हणून उठल्या आणि मास्कच्या बारीक छिद्रांसमोर हात धरला. हवा येत होती.